‘पुढचा शुक्रवार’ म्हणजे नेमका कोणता?

मित्राचा सोमवारी मेसेज आला: ‘पुढच्या शुक्रवारी शेतात हुरडा खायला या.’ हा याच आठवड्यातला शुक्रवार की त्यानंतरचा?

समजा मेसेज सोमवारी, ५ जानेवारी २०२६ ला आला. काही जणांसाठी पुढचा म्हणजे जो आधी येईल तो, म्हणजे ९ तारीख. बाकीचे ९ ला ‘या शुक्रवारी’ म्हणतात, त्यांचा ‘पुढचा’ १६ ला. दोन्ही प्रकारची माणसं एकाच घरात सापडतात, म्हणून अंदाज बांधू नका.

मेसेज कोणत्या वारी आला हेही बघा. तोच मेसेज गुरुवारी आला असता तर १६ धरायला हरकत नव्हती, कारण ९ साठी तो सरळ ‘उद्या या’ म्हणाला असता. शनिवारी आला असता तरी १६ च. खरा घोळ सोमवार ते बुधवार. ‘येत्या शुक्रवारी’ म्हटलं की बहुतेक जण जवळचाच धरतात.

‘परवा’चं आणि आपल्याकडच्या हिंदीतल्या ‘कल’चं तसं नाही. ‘परवा आलो’, ‘परवा येतो’, ‘कल आया था’, ‘कल आऊंगा’ यांत क्रियापद सगळं सांगतं. पण क्रियापद गाळून नुसतं ‘परवाचा कार्यक्रम’ लिहिलं की झालेला की व्हायचा, कळत नाही.

तुम्ही एवढंच लिहा: ‘शुक्रवार ९ तारीख ना?’ हुरड्यात आठवड्याचा फरक मोठा असतो, तेवढ्यात कणसातला कोवळा दाणा टणक होऊन जातो.