‘म्युटाटिस म्युटँडिस’ आणि ‘प्रोरेटा’

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कामासाठी दुसरा गाळा घेतला. करारात लिहिलंय, ‘मूळ कराराच्या अटी म्युटाटिस म्युटँडिस लागू’, आणि पहिल्या बिलावर ‘प्रोरेटा भाडे’. दोन्ही एकच का?

नाही. पहिला शब्द अटींचा आहे, दुसरा आकड्यांचा.

‘म्युटाटिस म्युटँडिस’ म्हणजे बदलायचे ते बदलून. आपल्या कायद्यांच्या मराठीत ‘योग्य त्या फेरफारांसह’ म्हणतात. गाळा क्रमांक, क्षेत्रफळ, ताब्याची तारीख हे नव्या गाळ्याप्रमाणे वाचायचं. नोटिशीची मुदत, थकबाकीवरचं व्याज जसंच्या तसं. सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली अशोक सर्व्हिस सेंटर खटल्यात हेच सांगितलं : जुळवून घ्या, पण मूळ स्वरूप बदलू नका.

भांडण होतं ते डिपॉझिटवरून. समजा जुन्या गाळ्याचं भाडं 12,000, नव्याचं 18,000. मूळ करारात ‘पाच महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट’ असेल, तर नव्या गाळ्याचं आपोआप 90,000 होतं. पण तिथे नुसतं ‘रु. 60,000’ लिहिलं असेल, तर मालक 90,000 मागणार आणि तुम्ही 60,000 वर अडून बसणार. हिशेबाची रीत लिहिलेली अट नव्या करारात सहज बसते, सुटा आकडा बसत नाही. म्हणून जुना करार पुढ्यात घेऊन प्रत्येक रक्कम आणि तारीख तपासा, आणि बदलणारी प्रत्येक गोष्ट नव्या करारात वेगळी लिहून घ्या. नुसत्या लॅटिनवर सोडणं हा वकिलांचा आळस आहे.

‘प्रोरेटा’ला मराठीत ‘यथाप्रमाण’. जेवढा वापर, तेवढाच वाटा. ताबा 12 ऑगस्टला मिळाला, तर तो दिवस धरून 31 पर्यंत 20 दिवस होतात. आता 18,000 ला भागायचं कशाने? ऑगस्टच्या 31 दिवसांनी भागलं तर 11,613 रुपये. महिना 30 चा धरला तर सरळ 12,000. वर्षाचं भाडं काढून 365 ने भागलं तर 11,836. तिन्ही हिशेब यथाप्रमाणच, त्यामुळे बिल चुकलं असं कोणालाच म्हणता येत नाही. फेब्रुवारीत हे उलटतं : 14 दिवस राहून गाळा सोडला तर 28 च्या हिशेबाने 9,000, 30 च्या हिशेबाने 8,400.

तेव्हा करारात एवढं वाक्य घाला : ‘अपुऱ्या महिन्याचे भाडे त्या महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांवर यथाप्रमाण आकारावे, ताबा घेतल्याचा व सोडल्याचा, दोन्ही दिवस धरावेत.’ मेंटेनन्सचं नाव मात्र त्यात वेगळं घ्या. ‘भाडे’ एवढंच लिहिलं, तर मेंटेनन्स अख्ख्या महिन्याचा लावायला मालक मोकळा.