आकडा आजच लिही

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. ज्यांच्या कादंबरीवर तुला चित्रपट करायचाय त्या बाई म्हणाल्या, "अरे, पुस्तक तुझंच आहे, कर की सिनेमा," आणि तेवढ्या बोलावर तू पटकथेचे दोन खर्डे लिहून काढलेस. आता निर्माता हक्कांचे कागद मागतोय, आणि ज्या बाई दर वेळी जेवल्याशिवाय सोडत नाहीत त्यांच्यापुढे पैशाचा विषय काढायचा कसा, इथे तू अडला आहेस. कॉपीराइट कायद्यात हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं, म्हणजे बाईंच्या प्रेमळ होकाराने तुला अजून काहीही मिळालेलं नाही. हे तुलाही कळलंय, म्हणूनच तर लिहिलंस.

तुझा खरा प्रश्न मेलच्या शेवटी आहे: पन्नास हजार देऊन ऑप्शन घ्यावा, आणि कादंबरीची पूर्ण किंमत "चित्रपट उभा राहील तेव्हा परस्पर संमतीने" ठरवावी, असं चालेल का?

नाही चालणार. आकडा आजच लिही.

ऑप्शनमध्ये तू कादंबरी विकत घेत नाहीस. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीला ती घेण्याचा अधिकार राखून ठेवतोस. तेवढ्या काळात बाईंनी चित्रपटहक्क दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, आणि या थांबण्याचा मोबदला तू त्यांना द्यायचा. किंमतच ठरली नसेल तर राखून काय ठेवलंस? ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार निरर्थक, असं 1872 चा करार कायदा सांगतो. "परस्पर संमतीने" हे शब्द लिहिणं म्हणजे आजचं भांडण पुढे ढकलणं, आणि पुढे ते मोठं होऊनच परत येतं.

मी निर्मितीच्या कामात नवा होतो तेव्हा एका निर्मात्याने नेमकी हीच ओळ करारात घातली होती. पटकथा उत्तम झाली, एक मोठा नट तयार झाला, तशी बातमीही छापून आली. ती वाचून लेखकाच्या घरच्यांनी किंमत सांगितली. निर्मात्याला ती झेपणारी नव्हती, आणि मुदत संपत आली होती. लेखक लोभी निघाला, असं लोक अजून म्हणतात. मला ते ऐकवत नाही. ज्याच्या कादंबरीसाठी एवढा नट उभा राहतो त्याने जास्त मागू नये, असं कोणत्या कागदावर लिहिलं होतं? चित्रपट झाला नाही. त्या पटकथेतला एक नदीकाठचा प्रसंग मला आजही तोंडपाठ आहे.

तेव्हापासून मी आकड्याशिवाय सही होऊ देत नाही. यावरून चांगली माणसं माझ्यावर रुसली आहेत. साहित्याच्या व्यवहारात इतकं ताणू नये, असं मला सुनावलं गेलंय. पण लेखकाला संकोचात ठेवून त्याच्याकडून पुस्तक घेणं मला त्याहून वाईट वाटतं. आज तुझ्याकडे नट नाही आणि बाईंकडे दुसरं गिऱ्हाईक नाही. दोघांना शांतपणे आकडा बोलता येईल असा दिवस पुन्हा मिळणार नाही.

आकडा कसा काढायचा ते सांगतो. चित्रपटाचं बजेट आज माहीत नाही, म्हणून टक्केवारी धर, आणि तिला खाली-वर मर्यादा घाल. समज, मंजूर बजेटच्या दोन टक्के, पण पाच लाखांपेक्षा कमी नाही आणि पंधरा लाखांपेक्षा जास्त नाही. बजेट तीन कोटींचं झालं तर सहा लाख होतात. पन्नास हजार ऑप्शनचे त्यातून वळते करायचे असं ठरलं असेल, तर बाईंना आणखी साडेपाच लाख. बजेट दीड कोटीवर आलं तर दोन टक्क्यांचे तीनच लाख होतात, तिथे खालची मर्यादा बाईंना सांभाळते. एखादा प्लॅटफॉर्म आला आणि बजेट फुगलं, तर वरची मर्यादा तुला सांभाळते. यातले आकडे तुमचे तुम्ही बदला, पण बजेट म्हणजे काय हे त्याच कलमात लिही: कुठल्या तारखेचं, कुणी प्रमाणित केलेलं, प्रसिद्धीचा खर्च आणि कर्जावरचं व्याज धरून की सोडून. नाहीतर भांडण टक्क्यांवरून उठून बजेटवर जाऊन बसेल.

मुदत अठरा महिने माग. वर्षभरात पटकथा, नट आणि पैसा तिन्ही जमत नाहीत. पुढे एक वर्षाची मुदतवाढ हवी असेल तर तिचाही आकडा आजच. मुदतवाढीचे पैसे मूळ किमतीतून कापू नकोस, ते बाईंच्या जास्तीच्या थांबण्याचे आहेत. ऑप्शन वापरायचा कसा हेही स्पष्ट हवं: मुदत संपण्याआधी लेखी नोटीस आणि पूर्ण रक्कम, दोन्ही. "चित्रीकरण सुरू झाल्यावर पैसे" हे बाईंनी मान्य केलं तरी तू लिहू नकोस. आणि मुदत टळली तर हक्क आपोआप बाईंकडे राहतील, त्यासाठी त्यांना तुझ्या मागे लागावं लागणार नाही, हेही लिही.

इथे एक गोष्ट भलेभले विसरतात. हक्क घेतल्यावर एका वर्षात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते संपुष्टात आले असं कॉपीराइट कायदा धरतो. सिनेमा वर्षात होत नाही. खरेदीनंतर किती वर्षांत चित्रीकरण सुरू करशील तो आकडाही लिही. चार म्हण, पाच म्हण, पण लिही.

पैसे देण्याआधी बाईंचा प्रकाशकाशी झालेला कागद बघायला माग. आपल्याकडे बरेचदा तो आवृत्तीपुरता असतो, कधी नुसतं पत्र असतं. पण एखाद्या ओळीत "रूपांतर, नाट्य, चित्रपट" असे शब्द असतील, तर ते हक्क बाईंच्या एकटीच्या हातात नसतील. मग प्रकाशकाची लेखी ना-हरकत आधी.

आता तू मेलमध्ये कंसात लिहिलेलं: शेवट बदलायचा आहे आणि बाईंना अजून सांगितलेलं नाही. याचा मला राग आला. हक्क विकले तरी, आपली प्रतिष्ठा दुखावेल अशा विकृतीला हरकत घेण्याचा लेखकाचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली उरतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी आपल्या "आपका बंटी" या कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा, 1986 साली, न्यायालयाने चित्रपटासाठी लागणारे बदल मान्य केले, पण हे कलम लेखकाला संरक्षण देतं हेही ठामपणे सांगितलं. नवा शेवट एका पानात लिही आणि सहीच्या आधी बाईंना वाचून दाखव. त्यांना पटला तर तेच पान कराराला जोड. नाही पटला, तर ते आज कळलेलं बरं. पटकथेवर बाईंना सल्ल्याचा अधिकार दे. मंजुरीचा देणार असशील तर निर्मात्याला आधी विचार, कारण मंजुरी अडली की पैसे लावणारा थांबतो.

मसुदा आधी मला पाठव. मग बाईंना दे, आणि त्या वाचत असताना समोर बसू नकोस, आठ दिवस जाऊ दे. त्यांनी स्वतःच्या पसंतीचा वकील करावा, त्याची फी निर्मात्याने द्यावी. निर्माता कुरकुरला तर माझा नंबर दे त्याला.

तुझा,
काका