तत्सम शब्द मोजू नका, क्रियापद शोधा

औषधाच्या सूचनांचा परिच्छेद सर्वांना कळेल असा सोपा करायला घेतलात, तो वाचला. तत्सम शब्दांखाली रेघा मारून ते बदलायला घेतलेत, तिथेच गडबड झाली. ‘प्रश्न’, ‘कारण’, ‘शिक्षण’ हेही तत्समच, पण ते कुणालाच अडत नाहीत. त्यांना हात लावू नका. वाक्य मोठ्याने वाचा आणि हे फोनवर कुणाला असंच सांगाल का, ते बघा.

तुमचंच वाक्य घेऊ: ‘औषधाचे सेवन करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे अनिवार्य असून, अस्वस्थता जाणवल्यास तत्काळ संपर्क साधण्यात यावा.’ इथे खरं ओझं ‘सेवन करणे’, ‘संपर्क साधणे’ अशा जोड्यांचं आहे. नाम पुढे, क्रिया मागे लपलेली. ‘सेवन करणे’ म्हणजे घेणे. ‘साधण्यात यावा’ तर आणखी वाईट, कारण संपर्क कोणी, कोणाशी साधायचा हेच कळत नाही. सोपं करायला बसलं की अशा फटी दिसतात.

तुम्ही केलंत, ‘औषध घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.’ सोपं झालं, पण ‘अनिवार्य’मधली सक्ती गेली. मी असं लिहीन: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका. घेतल्यावर बरं वाटेनासं झालं, तर त्यांना लगेच कळवा.’

‘प्रतिकारशक्ती’ मात्र राहू द्या. लोकांच्या तोंडी तो शब्द रुळलाय. त्याऐवजी ‘आजाराशी लढायची ताकद’ असं दरवेळी लिहिलंत, तर वाक्य उलट लांबेल.