शब्द मराठी, पण वाक्य इंग्रजी

प्रश्न: १५ वर्षं परदेशात आहे. मराठी लिहिलं की घरचे म्हणतात, "भाषांतर केल्यासारखं वाटतं." शब्द तर सगळे मराठीच असतात. मग बिघडतं काय, आणि सुधारायचं कसं?

उत्तर: मीही परदेशातच राहतो. आमच्या मंडळाच्या अंकासाठी आलेले लेख तपासताना मला एक सवय लागली. आधी फक्त 'जो, जी, जे, ज्याने' हे शब्द शोधून त्यांभोवती पेन्सिलीने गोल करायचे. पानावर सहा-सात गोल दिसले की समजायचं, वाक्य इंग्रजीत जुळलंय.

इंग्रजीत आधी माणसाचं नाव येतं आणि त्याची माहिती मागून येते. मराठीत माहिती आधी सांगून मग नाव घ्यायची रीत आहे. म्हणून "माझी एक मैत्रीण, जी डॉक्टर आहे, तिने सांगितलं" हे खटकतं. "माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं" हे सहज वाटतं.

एका लेखातलं वाक्य असं होतं: "मी माझ्या शेजाऱ्याला भेटलो, जो नुकताच निवृत्त झाला होता आणि ज्याच्याकडे एक जुनी सायकल होती, जी त्याला विकायची होती." यातला प्रत्येक 'जो' काढून तिथे '-लेला' घातला तर होतं काय? "मी नुकत्याच निवृत्त झालेल्या, विकायला काढलेली जुनी सायकल असलेल्या माझ्या शेजाऱ्याला भेटलो." हे तर आणखी वाईट, मालगाडीच! नामाआधी अशी एक जोड शोभते, फार तर दोन. त्याहून जास्त झाल्या की वाक्य तोडावं: "वाटेत आमचे शेजारी भेटले. नुकतेच निवृत्त झालेत. जुनी सायकल विकायची म्हणत होते."

'जो' गेल्यावर आणखी काय काय बदललं बघा. 'एक' गळालं. 'मी भेटलो' याचं 'शेजारी भेटले' झालं, कारण गाठ अवचित पडली होती. मुद्दाम गेलो असतो तर 'मी त्यांना भेटलो' हेच बरोबर ठरलं असतं. आणि निवृत्त झालेल्या माणसाला अहोजाहो आलं, जे इंग्रजीच्या 'ही'मध्ये बुडालं होतं.

(वरच्या वाक्यात माझाही एक 'जे' राहिलाच. असो.)

पण दिसेल तो 'जो' खोडू नका. "जो आधी येईल त्याने दार उघडायचं" हे अस्सल मराठी आहे. तिथे 'जो' वाक्याच्या तोंडाशी येतो आणि पुढे 'त्याने' त्याला उत्तर देतो. नामाच्या शेपटीला लोंबणारा 'जो' तेवढा तपासावा.

सरावासाठी लिहिलेला परिच्छेद झाकून ठेवा, तीच गोष्ट घरी फोनवर सांगा आणि आपलं बोलणं रेकॉर्ड करा. नंतर ते उतरवून काढा. त्यातले 'म्हणजे' आणि 'मग ना' मात्र हाताने वेचावे लागतात.