कर्ज फेडायचंय, पण पैसे अजून कसिनोकडेच आहेत

प्रश्न: माझ्यावर १५ टक्के व्याजाचं वैयक्तिक कर्ज आहे. दीड लाख बाकी आहे, हप्ता ७ हजारांचा. ऑनलाइन कसिनोत १ लाख २० हजार जिंकलोय आणि ते काढण्याची विनंती टाकली आहे, पण तीन दिवस 'पेंडिंग' दिसतंय. पैसे आले की कर्जात भरू की म्युच्युअल फंडात टाकू? खरं तर अजून ३० हजार झाले तर कर्ज एकदम निल होईल. म्हणून विनंती मागे घेऊन रूलेटवर लाल-काळ्यावर सावकाश, हजार-हजार लावून खेळावं असं मनात आहे. साइटवर तशी सोय आहे, चार्ज काही नाही. याआधी दोनदा, ४० हजार आणि ६५ हजारांच्या वेळी, असं केलं होतं, पण तेव्हा नशिबाने साथ दिली नाही. आता व्हीआयपी मॅनेजर म्हणतोय की विनंती रद्द केली तर १० हजार बोनस देतो.

उत्तर: कर्जात भरा. दरसाल १५ टक्के खात्रीने देणारा फंड कुणी दाखवला, तर त्या माणसापासून लांब राहा. प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं. मला काळजी आहे ती पत्राच्या उरलेल्या भागाची.

आधी त्या ३० हजारांचं बघू, कारण सगळा घोळ त्या आकड्याने घातलाय. समजा १ लाख २० हजार आले आणि ते जसेच्या तसे कर्जात गेले. बाकी राहिले ३० हजार. हप्ता ७ हजारांचाच ठेवलात तर पाच हप्त्यांत कर्ज संपतं, आणि त्या पाच महिन्यांत व्याज जातं सुमारे १ हजार. म्हणजे कर्ज आज एकदम निल करण्यात आणि पाच महिन्यांनी निल करण्यात फरक फक्त हजारभराचा. तो वाचवायला तुम्ही १ लाख २० हजार पणाला लावायला निघाला आहात. 'निल' शब्दाचं आकर्षण मला कळतं, पण बँकेला तुमच्या खात्यात शून्य दिसतं की ३० हजार, याने व्याजाचा दर बदलत नाही.

आता तुमचं 'सावकाश'. रूलेटच्या एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात. लाल १८, काळी १८ आणि एक शून्य. लालवर लावलंत तर ३७ पैकी १८ वेळा जिंकाल, १९ वेळा हराल. खेळ अगदी बरोबरीचा असता, तर १ लाख २० हजारांचे दीड लाख होण्याची शक्यता ८० टक्के असती आणि सगळं जाण्याची २० टक्के. शून्यामुळे हे बदलतं, आणि किती बदलतं ते तुम्ही एका वेळी किती लावता यावर ठरतं. दहा-दहा हजार लावलेत तर दीड लाखापर्यंत पोचण्याची शक्यता ७३ टक्क्यांच्या आसपास येते. हजार-हजार लावलेत तर ती २० टक्क्यांवर उतरते. पाचातून चार वेळा तुमच्या हाती काहीच राहणार नाही.

बहुतेकांना हे उलटं वाटतं. लहान रक्कम म्हणजे जोखीम कमी, असा आपला हिशेब असतो. पण ३० हजारांची मजल हजाराच्या पावलांनी मारायला निघालात, तर दीड लाख होईपर्यंत किंवा सगळं जाईपर्यंत चाक सरासरी तीन हजारांहून जास्त वेळा फिरवावं लागतं, आणि प्रत्येक फेरीत शून्य आपला वाटा कापून घेतं. हजारामागे साधारण २७. तीन-साडेतीन हजार फेऱ्यांत तो वाटा ९० हजारांच्या घरात जातो. याचा अर्थ मोठ्या रकमा लावा, असा काढू नका. तिथेही चारातून एकदा १ लाख २० हजार पूर्ण बुडतात, आणि ते हजारभर व्याज वाचवण्यासाठी.

एवढं गणित तुमच्यासारखा नोकरदार माणूस कागदावर घेऊन बसला, तर पाच मिनिटांत स्वतःच नको म्हणेल. तरी तुम्ही दोनदा हो म्हणालात. इथे नशिबाचा संबंध कमी आहे आणि त्या सोयीच्या रचनेचा जास्त.

पैसे भरताना बघा. कार्ड किंवा वॉलेट, दोन बोटं, काही सेकंद, खेळायला पैसे तयार. काढताना मात्र विनंती, मग पेंडिंग, कधी एक दिवस, कधी तीन, मध्ये सुट्ट्या आल्या तर आणखी. त्यातला काही वेळ खरंच तपासणीचा असतो. ओळखपत्र, पत्ता, खातं तुमच्याच नावावर आहे का, पैसा कुठून आला, हे कंपनीला पाहावंच लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तपासणी चालू असताना पैसे परत खेळात ओढण्याचं बटण कशाला चालू ठेवायचं? ओळखपत्र तपासायला त्या बटणाची गरज नाही. विनंती आली की रक्कम कुलूपबंद करून, कागद तपासून पाठवता येते. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने मे २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, ऑनलाइन कंपन्यांना ही सोय थांबवायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ती कायमची बंद केली. तपासण्या तिथे आजही होतात. फक्त बटण नाही.

वेळ तपासणीत जातोय की तुम्हाला ताटकळत ठेवण्यात, हे ओळखता येतं. पहिल्या वेळी कागदपत्रं मंजूर झाली असतील, तरी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तेवढेच तीन दिवस लागत असतील तर तपासायचं काय राहिलं होतं, असं विचारा. भरलेले पैसे रविवारी मध्यरात्रीही जमा होतात आणि काढण्याचं काम मात्र सोमवारी सुरू होतं का, ते पाहा. विनंती टाकायला चार पडदे आणि मागे घ्यायला एकच बटण आहे का, तेही पाहा. आणि एकदा मागे घेतलीत की पुढच्या विनंतीचे तीन दिवस पहिल्यापासून मोजले जातात, हा अनुभव तुम्हाला दोनदा आला असेलच.

यात सर्वांत लबाड भाग दिसत नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. खेळावर लगाम म्हणून लोक दोन गोष्टी करतात. साइटवर महिन्याची भरणा-मर्यादा लावतात, किंवा बँकेला सांगून जुगाराचे व्यवहार कार्डावर बंद करतात. दोन्ही चांगले उपाय आहेत आणि मी ते सुचवतोही. पण विनंती मागे घेताना पैसा साइटच्या बाहेर गेलेलाच नसतो. बँकेच्या दृष्टीने व्यवहारच झाला नाही, त्यामुळे बँक अडवणार काय? आणि साइटच्या हिशेबात तो बहुतेक ठिकाणी नवा भरणा धरला जात नाही, त्यामुळे मर्यादाही हलत नाही. महिन्याला ५ हजारांची मर्यादा लावलेला माणूस एका बटणाने १ लाख २० हजार टेबलावर आणू शकतो. सगळे लगाम पैसा आत येण्याच्या दारावर आहेत आणि हा पैसा आतच बसलेला आहे.

शिवाय विनंती टाकली त्या क्षणी तुम्ही एक शहाणा निर्णय घेतलेला असतो. त्यानंतरचे तीन दिवस तो निर्णय फिरवण्याची संधी दर मिनिटाला समोर असते. रात्री झोप येत नाही, कंटाळा आलाय, पगार उशिरा झालाय, अशा हजारो मिनिटांतलं एक मिनिट पुरतं. कंपनीला प्रत्येक वेळी जिंकायची गरज नाही. तुम्हाला मात्र तीन दिवस सतत 'नाही' म्हणत राहावं लागतं.

त्यात या व्हीआयपी मॅनेजरचा फोन. पदनाम काहीही असो, हा विक्रेता आहे, आणि तुमचे पैसे बाहेर जायला निघाले नेमकी तेव्हाच त्याला तुमची आठवण झाली. १० हजार बोनसच्या अटी वाचा. त्यात 'वेजरिंग' ३५ पट असं काही लिहिलेलं सापडेल. म्हणजे साडेतीन लाखांच्या पैजा लावल्याशिवाय तो बोनस तुमचा नाही. कंपनीचा वाटा ४ टक्के असलेल्या स्लॉटवर त्या पैजांचा सरासरी खर्च १४ हजार. रूलेट तर अनेक बोनसांत त्या अटीत धरतच नाहीत, किंवा अगदी थोडं धरतात. १४ हजार घालवून १० हजार मिळवायचे आणि त्यासाठी १ लाख २० हजार मागे घ्यायचे, हा प्रस्ताव तुमच्यापुढे ठेवताना त्याला लाज वाटली नाही, याचंच मला नवल वाटतं.

आता मागचे दोन आकडे. ४० हजार आणि ६५ हजार मिळून १ लाख ५ हजार. हे पैसे कागदोपत्री तुमचेच होते, फक्त बँकेत पोचले नव्हते. ते पोचले असते तर आज कर्ज दीड लाख नसतं, ४५ हजारांच्या आसपास असतं. चार्ज काही नाही असं तुम्ही लिहिलंय. या सोयीचा चार्ज आजवर एवढा बसलाय. आणखी एक गोष्ट. १ लाख २० हजार 'जिंकलो' म्हणता, पण आजवर भरले किती? साइटवर भरणा आणि काढणं यांचा इतिहास असतो. भरण्याची बेरीज करा, बँकेत खरोखर आलेल्या रकमा त्यातून वजा करा. पेंडिंग, मागे घेतलेलं, बोनस, काहीही धरू नका. जो आकडा येईल तो तुमचा खरा आकडा.

आज काय करायचं ते सांगतो. कस्टमर सपोर्टला लेखी, म्हणजे चॅटवर किंवा ईमेलवर, सांगा की ही विनंती लॉक करा आणि ती मागे घेण्याचा पर्याय माझ्या खात्यावरून काढून टाका. बऱ्याच साइटना हे करता येतं, पण मागितल्याशिवाय करत नाहीत. उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. काही कागद बाकी असेल तर आजच पाठवा, त्यांना उशिराचं निमित्त देऊ नका. रक्कम तुकड्यांत येणार असेल, म्हणजे आठवड्याला ३० हजार वगैरे, तर प्रत्येक तुकड्यासाठी हेच पुन्हा लिहा, कारण मागे राहिलेले तुकडे जास्त धोक्यात असतात. मग ॲप काढून टाका आणि पासवर्ड घरातल्या विश्वासाच्या माणसाला बदलायला लावा. मॅनेजरचा नंबर ब्लॉक करा.

खातं बंद करणं किंवा स्वतःवर बंदी घालून घेणं हे मी नक्की सुचवेन, पण क्रम सांभाळा. आधी सपोर्टकडून लेखी घ्या की खातं बंद केलं तरी पेंडिंग रक्कम दिली जाईल. तसं लिहून देत नसतील तर पैसे बँकेत दिसेपर्यंत थांबा आणि त्याच दिवशी बंद करा. जिंकलेल्या रकमेवर कर लागत असेल तर तो बाजूला काढा, उरलेलं कर्जात भरा. भरताना बँकेला सांगा की हप्ता तोच ठेवायचाय, मुदत कमी करायचीय. काही बँका मुदतीआधी भरण्यावर शुल्क घेतात, ते विचारून घ्या. आणि यादरम्यान ते बटण तिसऱ्यांदा दाबलं गेलं, तर मला पत्र लिहू नका. जुगाराच्या सवयीवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा, कारण त्यानंतरचा प्रश्न गुंतवणुकीचा राहिलेला नसेल.