ट्रेंडिंग आवाजाखाली आमसुलं हरवू नयेत म्हणून

प्रश्न: आमसुलांच्या रीलला ट्रेंडिंग गाणं लावलं की व्ह्यूज येतात, पण कमेंटमध्ये सगळे गाण्याबद्दलच बोलतात. कॅप्शन आणि आवाजाचं नाव काय ठेवू?

इन्स्टाग्रामवर रील चालू असताना खाली फार थोडी जागा मिळते. तिथे तुमचं नाव, कॅप्शनची सुरुवात आणि आवाजाचं लेबल दिसतं. अॅपमधलं गाणं घेतलं की लेबलवर गाण्याचंच नाव येतं आणि ते आपल्याला बदलता येत नाही. स्लायडरने गाणं अगदी बारीक केलं तरी ते नाव जात नाही. त्यावर बोट ठेवलं की माणूस त्याच गाण्याच्या इतर रील्सकडे जातो, तुमचं आमसूल तिथेच राहतं.

म्हणून माहितीच्या रीलला मी गाणं लावत नाही. आमच्याकडे वेंगुर्ल्यात मे महिन्यात रातांबे फोडतात, बिया काढतात आणि साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालतात, ते पुन्हा पुन्हा. त्या रसाचा चुबुक आवाज आणि आईचं "अगो, उलटी घाल ती" हाच रीलचा आवाज असू द्या. शूट करताना शेजारी रेडिओ मात्र बंद ठेवा. मागे वाजणारं गाणं अॅप ओळखतं आणि आवाज म्यूटही होऊ शकतो.

स्वतःचा आवाज टाकला की लेबलवर Original audio एवढंच येतं. ते तसंच सोडू नका. पोस्ट करण्याआधी Rename audio मध्ये जाऊन नाव द्या, उदाहरणार्थ "आमसुलं रसात बुडवताना, वेंगुर्ला". हे नाव एकदाच बदलता येतं, त्यामुळे शुद्धलेखन आधीच तपासा. दुसऱ्या कुणी तुमचा आवाज वापरला तरी त्याच्या रीलवर हेच नाव दिसेल, म्हणून "माझा आवाज १" असलं काही लिहू नका. गाजलेल्या गाण्याचं नाव तर मुळीच देऊ नका. ते शोधत आलेला माणूस लगेच पुढे सरकतो.

कॅप्शनची पहिली ओळच महत्त्वाची, बाकीचं "अधिक" दाबल्याशिवाय दिसत नाही. "कोकणातला उन्हाळा, काय सुख!" असं सुरू केलंत तर त्यात आमसूल कुठे आहे? त्यापेक्षा "आमसुलं: साल एकदा वाळवून भागत नाही, पुन्हा रसात बुडवावी लागते" असं लिहा. पहिला शब्द विषयाचा, मग त्यातली एक खरी गोष्ट. गावाचं नाव, मिठाचं प्रमाण, भाव हे सगळं खालच्या ओळींत येऊ द्या.

गाणं हवंच असेल तर विषय पडद्यावर मोठ्या अक्षरात, पहिल्याच क्षणाला लिहा, कारण लेबल तुमच्या हातात नाही. टाकण्याआधी रील आवाज बंद करून घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, "कशाची आहे?" उत्तर "आमसुलांची" आलं नाही, तर पहिली ओळ पुन्हा लिहा. पोस्ट केल्यावर व्ह्यूजपेक्षा सेव्ह किती झाले आणि "मीठ किती?" असं कोणी विचारलं का, ते बघा.