चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा कधी द्यावी आणि तिचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत कसे पोहोचतात?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. सातवीत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा 'ब' श्रेणीत पास झाली. इंटरमिजिएट आता द्यावी की दहावीत? आणि त्याचे गुण दहावीला खरंच धरतात का?

यंदाच द्या, फार तर नववीत. दहावीवर ढकलू नका. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि दरवर्षी मुलांना या परीक्षांना बसवतो, त्या अनुभवावरून सांगतो.

गुण धरतात, पण ते इंटरमिजिएटचे. नुसत्या एलिमेंटरीवर दहावीला काही मिळत नाही, ती पहिली पायरी. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी असेल तर 7 गुण, 'ब'ला 5 आणि 'क'ला 3. हे गुण एखाद्या विषयात न घालता एकूण बेरजेत मिळवतात. समजा तुमच्या मुलीला 500 पैकी 461 पडले, म्हणजे 92.20 टक्के. 'अ' श्रेणी असेल तर गुणपत्रिकेवर 461+7 असं दिसेल आणि टक्केवारी 93.60 होईल. अकरावीच्या प्रवेशात एवढ्या फरकाने कॉलेज बदलतं.

दहावीत नको म्हणतो त्याचं कारण वेळापत्रक. परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते, निकालाला पुढे काही महिने जातात आणि तिकडे शाळेला गुणांचे प्रस्ताव बोर्डाकडे पाठवायची घाई असते. त्याच काळात मुलं पूर्वपरीक्षेच्या तयारीत गुंतलेली. शिवाय आठवीत किंवा नववीत एखादा पेपर बिघडून नापास झालीच, तर पुन्हा बसायला वर्ष हाताशी राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे गुण आपोआप लागत नाहीत. परीक्षा घेतं कला संचालनालय आणि दहावीचा निकाल लावतं बोर्ड, दोन्ही वेगळी खाती. मधला दुवा म्हणजे तुमची शाळा. दहावीच्या वर्षी तुम्ही अर्ज आणि इंटरमिजिएटच्या प्रमाणपत्राची प्रत शाळेत द्यायची, मग मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो. माझ्या एका विद्यार्थिनीला आठवीत 'अ' श्रेणी होती. नववीत तिने शाळा बदलली, प्रमाणपत्र घरी कपाटात राहिलं. नव्या शाळेत कुणी विचारलं नाही आणि वडिलांना वाटलं, सरकारी परीक्षा आहे, बोर्डाला माहीतच असणार. निकाल लागल्यावर ते माझ्याकडे आले, गुणपत्रिकेवर अधिकचं चिन्हच नव्हतं. तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला आजही त्याची हळहळ वाटते. म्हणून दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत जाऊन प्रस्तावाची अंतिम तारीख विचारून घ्या. प्रमाणपत्र हातात पडेल त्या दिवशीच मुलीचं, वडिलांचं नाव आणि आडनाव शाळेच्या रजिस्टरशी ताडून बघा. स्पेलिंगची चूक तेव्हाच दुरुस्तीला टाकली तर निस्तरते, ऐन प्रस्तावाच्या वेळी धावपळ होते.

नाव शाळेमार्फतच नोंदवलं जातं. तुमची शाळा केंद्र नसेल तर जवळच्या केंद्राला मुलं जोडतात. चित्राचा कागद केंद्रावर मिळतो. ड्रॉइंग बोर्ड, रंग, कंपास आपापलं न्यायचं.

'ब'ची 'अ' कशी होईल, हेही मनात असेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव मुलं आवडीने करतात. राहते ती भूमिती आणि अक्षरलेखन. माझ्या पाहण्यात श्रेणी बहुतेकदा तिथेच घसरते. इंटरमिजिएटला सपाट आकृत्यांच्या कर्तव्यभूमितीच्या जोडीला घनभूमितीही येते. एक्सवाय नावाच्या आडव्या रेषेच्या वर एलिव्हेशन, म्हणजे वस्तू समोरून दिसते तशी, खाली प्लॅन, म्हणजे वरून दिसते तशी, आणि दोन्हींना जोडणाऱ्या रेषा काटेकोर उभ्या. मुलं काय करतात, तर आकृती झाली की रचनेच्या फिक्या रेषा खोडरबराने साफ करतात, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. त्या पुसायच्या नसतात. आकृती कशी काढली, हे तपासणाऱ्याला त्यांच्यावरूनच कळतं. रचना टोकदार कडक पेन्सिलीने हलकी आणि उत्तराची आकृती गडद, एवढा फरक कागदावर दिसला पाहिजे.

अक्षरलेखनातही एक हमखास चूक होते. पट्टीने सगळ्या अक्षरांना सारख्या रुंदीचे चौकोन आखले जातात. मग 'र' चौकोनात पोकळ दिसतो आणि 'क्ष' कोंबलेला. आधी फिक्या पेन्सिलीने अख्खा शब्द बसवून बघायचा, अक्षराच्या अंगाप्रमाणे जागा द्यायची आणि मगच ठळक करायचा. मुलीला आठवड्यातून एक तास फक्त भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपरासाठी बसवा, घड्याळ लावून.